‘सोयाबीन पिवळं पडायलंय’ हे मशीनला कसं कळतं?

राज्य मंत्रिमंडळाने जून २०२५ मध्ये महाॲग्री-एआय धोरण मंजूर केलं. शेतीसल्ला आता मोबाईलवर, तोही मराठीत मिळणार. पण आमच्या परभणीत कुणी विचारतं, ‘सोयाबीन पिवळं पडायलंय, काय करू?’ आणि कृषी पुस्तिकेत लिहिलेलं असतं, ‘पाने पिवळी पडणे’. शब्द वेगळे, मग उत्तर सापडतं कसं?

इथे एम्बेडिंग कामाला येतं. मशीन प्रत्येक शब्दाला आकड्यांची एक यादी देतं. समजा यादीत दोनच आकडे आहेत: सोयाबीन (९, १), कापूस (८, २), एसटी (१, ९). कागदावर हे ठिपके मांडा. सोयाबीन आणि कापूस यांच्यातलं अंतर साधारण १.४ येतं, सोयाबीन आणि एसटीचं ११.३. जवळचे ठिपके म्हणजे जवळचे अर्थ.

हे आकडे कुणी हाताने भरत नाही. मशीनसमोर ढीगभर मजकूर ठेवतात. आजूबाजूच्या शब्दांवरून मधला शब्द ओळखायचा, चुकलं की आकडे थोडे सरकवायचे, असं कोट्यवधी वेळा चालतं. सोयाबीन आणि कापूस दोन्ही ‘पेरणी’, ‘फवारणी’, ‘भाव’ यांच्या सोबतीने येतात, म्हणून शेजारी बसतात. फेसबुकच्या संशोधकांनी २०१८ मध्ये १५७ भाषांसाठी असे आकडे खुले केले. त्यात मराठीही आहे आणि प्रत्येक शब्दाला ३०० आकडे आहेत. ही पद्धत शब्दाचे तुकडेही बघते, म्हणून ‘पिवळं’ आणि ‘पिवळी’ यांच्यातलं ‘पिवळ’ तिला ओळखू येतं. ‘पडायलंय’ची गोष्ट वेगळी. आपली बोली लेखी मजकुरात क्वचित येते, त्यामुळे अशा शब्दाची जागा कच्ची राहते.

खरी गडबड मात्र पुढे आहे. पूर्ण वाक्यालाही अशीच यादी मिळते आणि प्रश्नाच्या सगळ्यात जवळची माहिती उचलली जाते. सोयाबीन पिवळं पडण्याची दोन कारणं घ्या. पिवळा मोझॅक हा विषाणूचा रोग पांढऱ्या माशीमुळे पसरतो. दुसरं कारण लोहाची कमतरता. दोन्ही माहितींत ‘सोयाबीन’, ‘पानं’, ‘पिवळी’ हेच शब्द, म्हणून दोन्ही तुमच्या प्रश्नाला चिकटून बसतात. उपाय मात्र पार वेगळे. ‘फवारणी करा’ आणि ‘फवारणी करू नका’ हीसुद्धा बऱ्याचदा शेजारीच सापडतात, कारण त्यांच्या आजूबाजूचे शब्द सारखेच असतात. जवळ असणं म्हणजे बरोबर असणं नव्हे.

म्हणून प्रश्नातच खूण सांगा. कोवळी पानं पिवळी, पण शिरा हिरव्या असतील तर लोहाकडे बोट जातं. पानांवर पिवळे-हिरवे वेडेवाकडे चट्टे असतील तर मोझॅककडे. एवढं लिहिलं की प्रश्नाचा ठिपका योग्य उत्तराकडे सरकतो. तरी औषधाला पैसे घालण्याआधी उत्तरातली लक्षणं आपल्या पानाशी ताडून बघा. मशीनने फक्त शब्द मोजलेत, तुमचं पान पाहिलेलं नाही.