पंचवीस मोजणारा मित्र

मैत्रीला वीस वर्षे पूर्ण झाली की जुने छायाचित्र शोधून त्याखाली चार ओळी लिहिण्याची रीत अलीकडे घरोघरी रुजली आहे. छायाचित्र चटकन सापडते. ओळींपाशी मात्र हात अडतो. मग 'हिऱ्यासारखा मित्र', 'सुखदुःखाचा सोबती' असे शब्द उतरतात. त्यांत खोटे काही नसते. पण तेच शब्द दुसऱ्या कोणत्याही मित्राच्या छायाचित्राखाली तितकेच शोभले असते. खतावणीत प्रत्येक खात्यावर एकच रक्कम मांडली, तर कोणाशी काय व्यवहार झाला हे कसे कळावे?

सोलापुरातील एका तरुण सूत-व्यापाऱ्यापुढे हीच अडचण उभी राहिली. अकराव्या वर्षी पाठशाळेत भेटलेल्या मित्राच्या सहवासाला वीस वर्षे होत होती. कॅप्शनच्या पहिल्या मसुद्यात त्याने मित्राचा स्वभाव, निष्ठा आणि मोठे मन यांची स्तुती केली. मजकूर पत्नीने वाचला आणि विचारले, "यात तुमच्या धाकट्या भावाचे नाव घातले तर चालेल का?" चालले असते. तो मसुदा तिथेच संपला.

दुसऱ्या खेपेस त्याने विशेषणे बाजूला ठेवली आणि केवळ घडलेल्या गोष्टी कागदावर लिहिल्या. त्यांतली पहिली लोगस्स सूत्राची होती. या सूत्रात चोवीस तीर्थंकरांची स्तुती येते. पण नववे सुविधिनाथ यांचे पुष्पदंत हे दुसरे नावही त्यात लागूनच आले आहे. बोटांवर नावे मोजणाऱ्या मुलाची संख्या त्यामुळे पंचवीस भरते. त्याच्या मित्राची ती भरली, आणि गुरुजींनी उलगडा केल्यावरही आठवडाभर तो आपल्या पंचविसावर ठाम राहिला. असा हट्टी मुलगा दुसऱ्या कोणाच्या बालपणात सापडणार नाही. हट्ट, निरागसता, दोघांची पाठशाळा, हे सारे त्या एका मोजणीतून आपोआप प्रकट होते.

दुसरी आठवण अधिक नाजूक होती. सात वर्षांपूर्वी बाजारात पैसे अडकले, देणी थकली आणि मित्राने स्वतःच्या जबाबदारीवर एका पेढीकडून त्याला मुदत मिळवून दिली. व्यापाऱ्याला हा उपकार जाहीरपणे मानावासा वाटत होता. परंतु कॅप्शन मित्रापुरती राहत नाही. ती सोयरे वाचतात, अडते वाचतात, मित्राचे वडीलही वाचतात. त्या हमीची वार्ता घरी कोणालाच नव्हती. ती लिहिली असती, तर एकाची पत आणि दुसऱ्याचे गुपित दोन्ही चव्हाट्यावर आली असती. म्हणून त्याने त्याच दिवसांतील दुसरी गोष्ट निवडली: मित्र रोज सूर्यास्तापूर्वी घरचा डबा घेऊन दुकानी येत असे, म्हणजे चौविहाराआधी दोघांचे जेवण होई. कारण न सांगताही ही ओळ ज्याला कळायची त्याला कळते.

क्रम ठरवताना त्याने एक व्यवहारी गोष्ट ध्यानात घेतली. इन्स्टाग्रामवर लांब कॅप्शनच्या आरंभीच्या ओळीच दिसतात; बाकीचा मजकूर उघडावा लागतो. तारखेने वा 'आज वीस वर्षे झाली' या वाक्याने ती जागा अडवण्यापेक्षा तिथे पंचविसाची मोजणी आली. छायाचित्रात दोघे पाठशाळेच्या पायरीवर बसलेले दिसतच होते, म्हणून त्याचे वर्णन गाळले. अखेरीस वर्तमानातला एक धागा जोडला, आणि मजकूर असा झाला:

"लोगस्स मोजताना तुझे तीर्थंकर पंचवीस भरले होते. सुविधिनाथ आणि पुष्पदंत एकच, हे तुला पटायला आठवडा लागला. पुढे एका हिवाळ्यात तू रोज सूर्य मावळण्याआधी डबा घेऊन आलास आणि एकदाही काही विचारले नाहीस. आता तुझी लेक पाठशाळेत जाऊ लागली आहे. तिचे पंचवीस भरले, तर आठवडाभर थांब. 20 वर्षे."

यात 'चांगला', 'थोर', 'अनमोल' असा एकही शब्द नाही. प्रसिद्ध करण्यापूर्वी त्याने तो मजकूर मित्राला धाडला. कारण आठवण दोघांची असते, आणि चारचौघांत सांगण्याची संमतीही दोघांची हवी. मित्राने एकच दुरुस्ती सुचवली: आठवडा नव्हे, दहा दिवस. व्यापाऱ्याने दोन्ही ठिकाणी 'आठवडा' खोडून 'दहा दिवस' केले. हिवाळ्याच्या ओळीबद्दल मित्र काहीच बोलला नाही. ती ओळ तशीच राहिली.