अंगण विकायला काढलंय, आणि माझ्याही कपाटात एक पावती आहे

पोस्ट जरा लांब आहे. काहींना राग येईल, कारण वाचणाऱ्यांत आमच्याच सोसायटीचे चार-पाच जण आहेत. पण गेल्या महिन्यातल्या बैठकीत मला बोलू दिलं नाही, म्हणून इथे लिहितोय.

आमचं लहानपण उज्जैनच्या जुन्या भागातल्या वाड्यात गेलं. आठ बिऱ्हाडं, मध्ये एक अंगण. त्यात वाळवणं पडायची, मुंजीचा मांडव पडायचा आणि एका कोपऱ्यात वाड्यातली एकुलती एक लँब्रेटा उभी असायची. अंगण कुणाचं, हा प्रश्न कुणी विचारला नाही. मालकाने कुणाला त्यातला तुकडा विकलाही नाही. २००३ साली मी बँकेच्या नोकरीत असतानाच फ्लॅट घेतला आणि आम्ही वाडा सोडला. चोवीस फ्लॅटची इमारत. खाली खांबांवरच्या मोकळ्या जागेत बारा गाड्या मावतात, पुढच्या अंगणात आठ. फ्लॅटची रजिस्ट्री झाली त्याच दिवशी बिल्डरच्या माणसाने विचारलं, "साहेब, पार्किंग घ्यायचं ना?" पंचवीस हजार रोख दिले. त्याच्या लेटरहेडवर एक पावती मिळाली आणि खांबावर माझ्या फ्लॅटचा नंबर रंगवला गेला. अशा बारा पावत्या फाटल्या.

आता बैठकीचं. लिफ्ट जुनी झाली, गच्ची गळते, बारा लाखांचा खर्च आहे. कमिटीने तोडगा काढला की अंगणातल्या आठ जागा दीड-दीड लाखाला सभासदांना 'कायमच्या' विकायच्या. आठ गुणिले दीड म्हणजे बरोबर बारा लाख. टाळ्या पडल्या. मी हात वर केला तर एक भाऊ म्हणाले, "काका, तुमची जागा आहे ना? मग तुम्हाला काय त्रास?"

त्रास हाच आहे. माझी जागा माझी नाही, हे मला सात-आठ वर्षांपूर्वी कळलं आणि मी गप्प बसलो.

मुंबईत दहिसर पूर्वेला आनंदनगरात 'पांचाली' नावाची सोसायटी आहे. छप्पन्न फ्लॅट, आणि इमारतीखाली खांबांमधल्या पंचवीस पार्किंगच्या जागा. नहालचंद लालूचंद या बिल्डर कंपनीचं म्हणणं, या पंचवीस जागा आमच्या, आम्ही त्या हव्या त्याला विकू, सोसायटीने मध्ये पडू नये. त्यासाठी कंपनी स्वतःच कोर्टात गेली. तिच्या हातात भारी कागद होता. फ्लॅट घेताना प्रत्येकाकडून लिहून घेतलं होतं की पार्किंगच्या जागा बिल्डरच्याच आहेत आणि त्या विकायला आमची हरकत नाही. दिवाणी न्यायालयात बिल्डर हरला, हायकोर्टात हरला आणि ३१ ऑगस्ट २०१० रोजी सुप्रीम कोर्टातही हरला. न्या. लोढा आणि न्या. पटनाईक यांचा तो निकाल. मी तो नातवाकडून छापून घेऊन पेन्सिलीने खुणा करत वाचला, जशी आम्ही कर्जाची फाईल वाचायचो.

त्यातलं सार साधं आहे. महाराष्ट्राच्या १९६३च्या कायद्याप्रमाणे बिल्डरला विकता येतो तो फ्लॅट. खांबांमधली जागा फ्लॅट नाही. ती गॅरेजही नाही. म्हणजे ती जिना, गच्ची, आवार यांच्यासारखी सगळ्यांची सामाईक. तिचा खर्च बिल्डरने सोसला असेल तर तो प्रत्येक फ्लॅटच्या किमतीत, ज्याच्या त्याच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात आलेलाच असतो. तो एकदा सगळ्यांकडून घ्यायचा आणि त्याच जागेचे पुन्हा काही जणांकडून वेगळे घ्यायचे, हे चालणार नाही. आणि ते लिहून घेतलेलं? कायद्याने दिलेला हक्क असल्या कागदाने जात नाही.

कुणी म्हणेल, हा महाराष्ट्राचा कायदा, आपण मध्य प्रदेशात. बरोबर, मीही हाच आडोसा धरून बसलो होतो. पण आपल्याकडेही २०००चा प्रकोष्ठ स्वामित्व अधिनियम आहे. फ्लॅट तुमचा स्वतंत्र, जमीन आणि सामाईक भाग सगळ्यांचा अविभक्त, हीच त्याचीही बैठक. २०१६च्या रेरा कायद्याने तर देशभरासाठी हे लिहूनच टाकलं. उघडं पार्किंग सामाईक क्षेत्रात धरलं, आणि गॅरेज म्हणजे काय तेही सांगितलं: वर छत आणि तीन बाजूंना भिंती. उघडी जागा त्यात येत नाही. आमची इमारत रेराच्या आधी पूर्ण झालेली, म्हणून बिल्डरविरुद्ध रेराकडे धाव घेता येणार नाही, हे मी मान्य करतो. पण म्हणून आमचं अंगण विकाऊ होत नाही.

दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर म्हणाल म्हातारा एकांगी लिहितो. तीन भिंतींचं खरं गॅरेज असेल आणि ते रजिस्ट्रीत लिहिलेलं असेल, तर तो व्यवहार वेगळा. इमारतीच्या नोंदवलेल्या घोषणापत्रातच एखादी जागा ठराविक फ्लॅटच्या वापरासाठी राखून ठेवलेली असेल, तर तेही वेगळं. म्हणून आधी कागद पाहायचे, मग भांडायचं. मी पाहिले. माझ्या रजिस्ट्रीच्या परिशिष्टात फ्लॅटचं क्षेत्रफळ आहे, चतुःसीमा आहेत, जमिनीतला अविभक्त हिस्सा आहे. पार्किंगचा शब्द नाही. तो फक्त त्या पावतीवर, आणि पावतीला ना स्टँप ना नोंदणी. चौतीस वर्षं बँकेत काढली. असला कागद तारण म्हणून कुणी माझ्या टेबलावर ठेवला असता तर मी चहा पाजून परत पाठवला असता. स्वतःच्या बाबतीत मात्र तो वीस वर्षं कपाटात जपून ठेवला.

आता कमिटीच्या दाव्याकडे येतो. "बिल्डरला अधिकार नव्हता, पण आम्ही तर सोसायटी आहोत, बहुमताने ठराव केलाय." मंडळी, बहुमताने सोसायटीचा कारभार चालतो. गाड्या कुठे लावायच्या, कुणी, किती दिवस, काय आकार द्यायचा, हे बहुमताने ठरवा. पण अंगणात चोवीस जणांचा हिस्सा आहे. अठरा जणांनी हात वर केले म्हणून उरलेल्या सहांचा हिस्सा विकला जात नाही. आणि घेणाऱ्याला तरी काय मिळणार? रजिस्ट्री होणार नाही. पुन्हा एक पावतीच. उद्या त्याने फ्लॅट विकला की नवा मालक दीड लाखाचा हिशेब मागणार, आणि तेव्हाची कमिटी म्हणणार, आम्हाला माहीत नाही.

सध्या बारा जणांकडे माझ्यासारख्या पावत्या आहेत. आठ जागा आता विकल्या की चार घरं उरतात. त्यांत दोन घरी एकट्या राहणाऱ्या ताई आहेत, एका घरी फक्त स्कूटर आहे, एक घर भाड्याने आहे. बैठकीत म्हणे, "त्यांना गाडीच नाही, त्यांना जागा कशाला?" उद्या त्या ताईंचा मुलगा गाडी घेऊन परत आला तर? किंवा त्यांनी फ्लॅट विकायला काढला तर? गाडी लावायला जागाच नाही म्हटल्यावर गिऱ्हाईक भाव पाडूनच मागणार. म्हणजे इमारतीची लिफ्ट दुरुस्त होणार आणि त्याची किंमत या चार घरांच्या भावातून वसूल होणार.

'कायमची' जागा काय करते, त्याचा नमुना आम्ही गेल्या मे महिन्यात पाहिला. गंभीर धरण आटलं की आपल्याकडे नळ एक दिवसाआड येतो, हे उज्जैनकरांना सांगायला नको. आम्ही टँकर मागवला. जमिनीखालच्या हौदाचं झाकण नेमकं एका 'मालकीच्या' जागेत, आणि त्यावर उभी गाडी. मालक महिनाभर पुण्याला मुलीकडे, किल्ली त्यांच्याजवळ. टँकरवाला अर्धा तास थांबला आणि पाणी दुसरीकडे ओतून गेला. ते गृहस्थ वाईट नाहीत. फोनवर एवढंच म्हणाले, "माझ्याच जागेत लावलीय ना?" पावतीने त्यांना हेच शिकवलं होतं.

मग बारा लाख कुठून आणायचे? भागाकार करा. बारा लाख भागिले चोवीस म्हणजे घरटी पन्नास हजार. दरमहा दोन हजार, पंचवीस महिने. ज्यांना जड जाईल त्यांना लांब मुदत द्या. गाड्यांचा आकारही घ्या, पण तो भाडं म्हणून. महाराष्ट्रात गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींमध्ये याची चौकट आहेच. जागा वापरायला मिळते, विकता येत नाही, आणि गाड्या जास्त व जागा कमी असतील तर वर्षाला चिठ्ठ्या टाकायच्या. आपल्याकडे करायचं ते असं: आधी नगर निगमकडून मंजूर नक्शाची प्रत काढायची, म्हणजे पार्किंग कुठे आणि मोकळं सोडायचं कुठे ते दिसेल. हौदाचं झाकण आणि टँकरचा रस्ता वगळायचा. मग उरलेल्या जागांत घरटी एका गाडीचा हक्क आधी, दुसऱ्या गाडीचा विचार जागा उरली तर. ज्यांचे पाय चालत नाहीत त्यांना लिफ्टजवळची जागा. बाकी चिठ्ठ्या, दरवर्षी.

"आम्ही पैसे मोजलेत, त्याचं काय?" हे बाकीचे अकरा जण विचारतील. मीही मोजलेत. ते ज्याने घेतले त्याच्याकडे मागायचे, शेजाऱ्याच्या हिश्श्यातून वसूल करायचे नाहीत. घरी सौ. म्हणाली, "पंचवीस हजार पाण्यात घालून आता गुडघे धरत बाहेर रस्त्यावर गाडी लावणार का?" तिचं चूक नाही. चिठ्ठीत नाव आलं नाही तर एक वर्ष तसंच करावं लागेल.

पुढच्या रविवारी पुन्हा बैठक आहे. मी माझ्या पावतीची मूळ प्रत आणि एक अर्ज कमिटीला देणार आहे: खांबावरचा माझा नंबर पुसा, आणि माझं नाव चिठ्ठ्यांत घाला. बाकीच्या अकरा जणांना एकच विनंती. बैठकीला येण्याआधी कपाटातून रजिस्ट्री काढा आणि परिशिष्ट वाचा. त्यात पार्किंग लिहिलेलं सापडलं तर मला दाखवा. सगळ्यांसमोर माझे शब्द मागे घेईन.