औषध-चाचणीच्या सादरीकरणाआधी प्रश्नांची उत्तरे मिळावीत : निवासी डॉक्टर संघटनेचे मागणीपत्र

प्रति,
मा. विभागप्रमुख, औषधशास्त्र विभाग

विषय : मासिक सादरीकरणात औषध-चाचणीविषयीच्या चार प्रश्नांना बंधनकारक स्थान देण्याबाबत

महोदया,

गेल्या सादरीकरणात वक्त्याने पडद्यावर दोन स्तंभ दाखवले, एक उंच आणि एक बुटका. खाली लिहिले होते, ‘धोका निम्मा’. मागच्या बाकावरून आमच्यापैकी एकीने विचारले, ‘निम्मा म्हणजे किती जणांमधून किती?’ तोवर चहा आला होता. प्रश्न तसाच राहिला. दुसऱ्या दिवशी बाह्यरुग्ण विभागात त्याच औषधाची चिठ्ठी लिहिताना तो आम्हाला पुन्हा आठवला.

हा प्रश्न अनुत्तरित राहिला की काय होते, हे रोफेकॉक्सिबच्या व्हिगॉर चाचणीत दिसते. ती नोव्हेंबर 2000 मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाली. संधिवाताच्या 8,076 रुग्णांपैकी निम्म्यांना रोफेकॉक्सिब आणि निम्म्यांना नेप्रोक्सेन दिले होते. आमच्या मागण्या याच चाचणीच्या आधारे मांडत आहोत.

मागणी 1 : मात्रा कोणती आणि ती का, हे पहिल्याच स्लाइडवर असावे.

व्हिगॉरमध्ये रोफेकॉक्सिबची मात्रा रोज 50 मिलिग्रॅम होती. गुडघेदुखीसारख्या झिजेच्या आजारात दीर्घकाळ दिली जाणारी मात्रा 12.5 ते 25 मिलिग्रॅम होती. म्हणजे चाचणीतली मात्रा नेहमीच्या कमाल मात्रेच्या दुप्पट होती. जास्त मात्रेतही पोट सुरक्षित राहते हे दाखवायचे असेल, तर ही निवड समजण्यासारखी आहे. पण मग हृदयाबाबतचा निष्कर्ष 25 मिलिग्रॅम घेणाऱ्याला लागू होतो की नाही, हे वक्त्याने स्पष्ट सांगायला हवे. तुलनेतल्या औषधाची मात्राही तपासावी. नेप्रोक्सेन 500 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा ही पुरेशी मात्रा होती, त्यामुळे या बाबतीत तुलना न्याय्य होती. प्रतिस्पर्धी औषध कमी मात्रेत देऊन नवे औषध सरस ठरवलेले नाही ना, हे दर वेळी पाहिलेच पाहिजे.

मागणी 2 : तुलना कशाशी झाली आणि त्यामुळे काय कळू शकत नाही, हे सांगावे.

व्हिगॉरमध्ये प्लासिबो गट नव्हता. संधिवाताच्या रुग्णाला महिनोन्‌महिने वेदनाशामकाविना ठेवणे योग्य नाही, म्हणून यात आमची तक्रार नाही. पण त्याचा परिणाम सांगायला हवा. रोफेकॉक्सिब गटात हृदयविकाराचे झटके जास्त दिसले. लेखकांनी त्याचा अर्थ असा लावला, की नेप्रोक्सेनने हृदयाचे रक्षण केले. दोनच गट असले की एकाने धोका वाढवला की दुसऱ्याने घटवला, हे त्या आकड्यांवरून ठरत नाही. तरीही सभागृहात एक प्रश्न विचारता आला असता. फरक सुमारे पाचपट असेल, तर नेप्रोक्सेनने झटके जवळपास 80 टक्क्यांनी कमी केले असे मानावे लागते. अ‍ॅस्पिरिनसुद्धा साधारण पाव ते एक तृतीयांशच कमी करते. मग नेप्रोक्सेनमध्ये एवढी ताकद कुठून आली?

उत्तर प्लासिबो गट असलेल्या चाचणीतून मिळाले. मोठ्या आतड्यातल्या गाठी पुन्हा होऊ नयेत म्हणून केलेल्या अ‍ॅप्रूव्ह चाचणीत 25 मिलिग्रॅम रोफेकॉक्सिबची तुलना प्लासिबोशी झाली. रक्तवाहिन्या तुंबण्याच्या गंभीर घटना औषधाच्या गटात 46 आणि प्लासिबो गटात 26 होत्या, आणि दोन्ही गटांतली रुग्णसंख्या जवळजवळ सारखी होती. 30 सप्टेंबर 2004 रोजी औषध जगभरातून मागे घेतले गेले. भारतात त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्यावर बंदी आली.

मागणी 3 : मुख्य एंडपॉइंट आधी ठरला होता का आणि सर्व घटनांची मोजणी एकाच तारखेपर्यंत झाली का, हे सांगावे.

व्हिगॉरचा मुख्य एंडपॉइंट जठर व आतड्याच्या वरच्या भागातला व्रण, छिद्र, अडथळा किंवा रक्तस्राव हा होता. अशी घटना रुग्णाला प्रत्यक्ष सोसावी लागते, त्यामुळे निवड चांगली होती. खोट मोजणीत होती. पोटाच्या घटना ज्या दिवसापर्यंत मोजल्या, त्याच्या एक महिना आधीच हृदयाच्या घटनांची मोजणी थांबवली होती. त्या महिन्यात रोफेकॉक्सिब गटात आणखी तीन झटके आले. ते लेखात नव्हते. डिसेंबर 2005 मध्ये त्या नियतकालिकाने यावर जाहीर चिंता व्यक्त केली. तीन झटके धरले, तर संख्या 17 विरुद्ध 4 ऐवजी 20 विरुद्ध 4 होते.

म्हणून वक्त्याने चाचणीची नोंदणी उघडून पाहावी. भारतातल्या चाचण्यांची नोंद सीटीआरआयवर असते आणि जून 2009 पासून ती बंधनकारक आहे. तिथला एंडपॉइंट आणि लेखातला एंडपॉइंट शेजारी-शेजारी एकाच स्लाइडवर मांडावेत. दोन्ही जुळत नसतील, तर तेच आधी सांगावे.

मागणी 4 : फायदा आणि दुष्परिणाम एकाच मापाने, माणसांच्या संख्येत दाखवावेत.

ही आमची सर्वांत महत्त्वाची मागणी आहे. व्हिगॉरच्या लेखात पोटाच्या घटनांची संख्या होती, पण झटके 0.4 टक्के आणि 0.1 टक्के असे आले. टक्के वाचताना फरक नगण्य वाटतो. आता दोन्हींची माणसे मोजू. प्रत्येक गटात साधारण 4,000 रुग्ण होते आणि पाठपुराव्याचा मध्यक 9 महिने होता. पोटाच्या गंभीर गुंतागुंती नेप्रोक्सेन गटात 37 आणि रोफेकॉक्सिब गटात 16 होत्या, म्हणजे 21 कमी. झटके नेप्रोक्सेन गटात 4 आणि रोफेकॉक्सिब गटात 20 होते, म्हणजे 16 जास्त. सुमारे 190 रुग्णांमागे एकाचे पोट वाचले आणि सुमारे 250 रुग्णांमागे एकाला जास्तीचा झटका आला. हे दोन आकडे एकाच ओळीत लिहिले असते, तर ‘धोका निम्मा’ हे एकच वाक्य घेऊन कोणी सभागृहाबाहेर पडले नसते.

4 ही लहान संख्या आहे, दोन-चार घटना इकडेतिकडे झाल्या तरी गुणोत्तर हलते, हेही सांगावे. झटक्यांचा छडा लावण्यासाठी ही चाचणी आखलीच नव्हती. पण अशी शंका आली की पुढची चाचणी होईपर्यंत ती उघडपणे सांगणे हे वक्त्याचे काम आहे. औषध सोडून गेलेल्यांची संख्या आणि कारणेही गटवार द्यावीत, कारण त्रास झालेला रुग्ण अनेकदा तिथेच हरवतो.

अंमलबजावणी

मूळ लेख आणि वरील चार प्रश्नांची लेखी उत्तरे सादरीकरणाच्या दोन दिवस आधी सर्व निवासी डॉक्टरांना मिळावीत. 40 मिनिटांपैकी 15 मिनिटे प्रश्नांसाठी राखावीत आणि निष्कर्षाची स्लाइड त्यानंतरच यावी. वक्त्याला उत्तर माहीत नसेल, तर प्रश्न विभागाच्या नोंदवहीत लिहावा आणि पुढच्या महिन्याची सुरुवात त्याच्या उत्तराने व्हावी. कंपनीच्या खर्चाने आलेल्या पाहुण्या वक्त्यांनाही हाच नियम असावा.

पुढच्या महिन्यात पहिली संधी आमच्यापैकी ज्याला मिळेल, तो हे चार प्रश्न स्वतःला लावून घेईल. त्या दिवशी मागच्या बाकावरून ‘किती जणांमधून किती?’ असे कोणी विचारले, तर चहा थोडा थांबेल, एवढी व्यवस्था आपण करावी ही विनंती.

आपले विश्वासू,
पदव्युत्तर निवासी डॉक्टर संघटनेचे सभासद