१ रुपयाची ट्रायल, मग थेट ४९९ रुपये! पैसे कटण्याआधी ऑटोपे नेमका कधी बंद करायचा?

वर्धा : ‘फक्त १ रुपयात ७ दिवस’ अशी जाहिरात रील पाहता पाहता समोर येते. बोट लागते, यूपीआय ॲप उघडते, पिन टाकला की १ रुपया जातो आणि मालिका सुरू होते. आठवडाभराने खात्यातून ४९९ रुपये कटल्याचा मेसेज येतो, तेव्हा पहिली प्रतिक्रिया एकच असते : ‘आपण तर काही घेतलेच नाही!’ प्रत्यक्षात व्यवहार ठरला होता तो पहिल्याच दिवशी, त्या १ रुपयाच्या पिनसोबत. नंतर झाली ती फक्त वसुली.

वर्धा असो, हिंगणघाट असो की आर्वी, आज बहुतेकांच्या हातात क्रेडिट कार्ड नाही, पण यूपीआय आहे. म्हणूनच फुकट किंवा १-२ रुपयांच्या ट्रायलसाठी ॲप कंपन्या ‘यूपीआय ऑटोपे’ वापरतात. ही सोय नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने, म्हणजे एनपीसीआयने, जुलै २०२० मध्ये आणली. वीजबिल, विमा, म्युच्युअल फंडाचा हप्ता यांसाठी ती कामाचीच आहे. ट्रायलच्या बाबतीत मात्र ती कशी चालते हे माहीत नसेल, तर शेवटच्या दिवशी रद्द करायला बसलेला माणूस हमखास उशीर करतो.

पिन टाकताना ‘हो’ कशाला म्हणतो?

साध्या पेमेंटमध्ये पिन एका व्यवहारापुरता असतो. ऑटोपेमध्ये तो ‘मँडेट’ला, म्हणजे पुढच्या सगळ्या वसुलीच्या परवानगीला दिलेला असतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १५,००० रुपयांपर्यंतच्या अशा पुढच्या व्यवहारांना दरवेळी पिन लागत नाही. ही मर्यादा आधी ५,००० रुपये होती, ती जून २०२२ मध्ये वाढली. ४९९ रुपये त्या मानाने किरकोळच, त्यामुळे पैसे कटताना फोन काही विचारत नाही.

पिनच्या आधी जो पडदा येतो त्यावर सगळे लिहिलेले असते. कंपनीचे नाव, रक्कम, किती दिवसांनी वसुली, परवानगी कधीपासून कधीपर्यंत. रकमेच्या ओळीत ‘Up to’ असे शब्द असतील तर तो आकडा म्हणजे वरची मर्यादा. जाहिरातीत महिन्याला ९९ रुपये असतील आणि पडद्यावर ‘Up to ₹499’ असेल, तर कंपनीला एका वेळी ४९९ पर्यंत ओढण्याची परवानगी मिळते. वसुली महिन्याची, तिमाहीची की वर्षाची, हेही तिथेच कळते. मुदतीची शेवटची तारीख अनेकदा कित्येक वर्षे पुढची असते. हा पडदा जेमतेम चार-पाच सेकंद समोर असतो आणि त्याच वेळी आपले लक्ष पिनच्या आकड्यांवर असते. कंपन्यांना हे ठाऊक नसेल असे मानणे भाबडेपणाचे ठरेल.

‘सात दिवस’ मोजायचे कसे?

एक उदाहरण घेऊ. समजा पुलगावच्या एका विद्यार्थ्याने ५ तारखेला रात्री ९.४० वाजता ७ दिवसांची ट्रायल सुरू केली. त्याचा हिशेब सरळ : ५ अधिक ७, म्हणजे १२ तारीख. १२ ला संध्याकाळी कॉलेजमधून आल्यावर रद्द करू, रात्री ९.४० पर्यंत वेळ आहेच.

इथेच गडबड होते. ट्रायलचे घड्याळ कंपनीच्या सर्व्हरवर तासांनी चालत असले, तरी यूपीआयच्या मँडेटवर तास नसतात, तारीख असते. १२ तारखेच्या वसुलीचा आदेश १२ ला सकाळीही लागू शकतो. त्यात एनपीसीआयने ऑगस्ट २०२५ पासून ऑटोपेच्या वसुलीला गर्दीच्या वेळा टाळायला सांगितल्या आहेत. सकाळी १० ते दुपारी १ आणि संध्याकाळी ५ ते रात्री ९.३० या वेळा सोडून हे व्यवहार होतात. म्हणजे सकाळी १० च्या आधी, दुपारी १ ते ५ किंवा रात्री ९.३० नंतर. कॉलेज सुटायच्या आत दोन खिडक्या उलटून गेलेल्या असतात. कंपनीने ५ तारीख हाच पहिला दिवस धरला असेल, तर वसुली ११ लाच येईल.

आता उलटे मोजू. वसुलीच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला सूचना गेली पाहिजे, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. सूचनेत कंपनीचे नाव, रक्कम आणि तारीख असते. त्या सूचनेनंतरही ती एक वसुली किंवा पूर्ण मँडेट नाकारण्याचा हक्क ग्राहकाला आहे. १२ ला सकाळी ८ वाजता पैसे कटणार असतील, तर सूचना ११ ला सकाळी ८ च्या आत यायला हवी. पण ती येते कशी? बँकेचा एसएमएस किंवा यूपीआय ॲपचे नोटिफिकेशन म्हणून, म्हणजे कर्जाच्या ऑफर आणि रिचार्जच्या आठवणी जिथे येतात त्याच ढिगात. अनेकांनी तर यूपीआय ॲपचे नोटिफिकेशन कंटाळून बंदच केलेले असते. सूचना हा शेवटचा दरवाजा आहे, त्याच्या भरवशावर राहू नये.

मग सुरक्षित वेळ कोणती?

पुलगावच्या उदाहरणात उत्तर आहे १० तारीख संपण्यापूर्वी. अपेक्षित वसुलीच्या तारखेतून पूर्ण २ दिवस वजा करायचे. त्यातला एक दिवस सूचनेचा आणि दुसरा तारीख मोजण्यातल्या फरकाचा. कंपनीने ११ ही वसुलीची तारीख धरली असली, तरी १० ला केलेले रद्द वेळेत बसते. आयफोनवर ॲपलची स्वतःची सूचनाही ट्रायल संपण्याच्या किमान २४ तास आधी रद्द करा अशी आहे. तिथेही २ दिवस धरलेले बरे.

काही ठिकाणी याहून सोपा रस्ता आहे. ट्रायल गुगल प्लेमार्फत घेतली असेल, तर ती सुरू केल्या केल्या पाच मिनिटांत रद्द करता येते आणि मुदत संपेपर्यंत ॲप साधारणपणे चालूच राहते. मग लक्षात ठेवायची भानगडच नाही. पण हे सगळीकडे लागू नाही. ॲपलच्या स्वतःच्या काही सेवांची ट्रायल रद्द करताच बंद होऊ शकते. थेट यूपीआयवर घेतलेल्या ट्रायलमध्ये तर प्रत्येक कंपनीचा नियम वेगळा. त्यामुळे रद्द करताना ‘अमुक तारखेपर्यंत वापरता येईल’ असे पडद्यावर लिहून येते का ते पाहावे. आले तर लगेच रद्द करावे, नाही आले तर २ दिवसांचा हिशेब धरावा.

ॲप काढून टाकले म्हणजे सुटलो?

नाही. ॲप फोनमधून जाते, मँडेट बँकेकडे तसेच राहते. उलट रद्द करण्याचे बटण त्या ॲपमध्येच असेल, तर तेही हातचे जाते.

दुसरी चूक जास्त फसवी आहे. लोक प्ले स्टोअर उघडतात, प्रोफाइलवरून ‘Payments & subscriptions’मध्ये जातात, तिथे काहीच दिसत नाही आणि निर्धास्त होतात. पण त्या यादीत फक्त गुगलमार्फत घेतलेली वर्गणी दिसते. ॲपने थेट यूपीआय पिन मागितला असेल, तर नोंद यूपीआय ॲपमध्ये असते. फोनपे, गुगल पे यांच्या प्रोफाइलमध्ये ‘Autopay’ नावाचा भाग आहे. तिथे त्या कंपनीचे मँडेट ‘Active’ दिसत असेल, तर वसुली जिवंत आहे. ज्या यूपीआय ॲपवरून ट्रायल घेतली तेच आधी उघडावे. सगळ्या ॲपवरचे मँडेट ग्राहकाला एकाच ठिकाणी पाहता यावेत, असे निर्देशही एनपीसीआयने ऑक्टोबर २०२५ मध्ये दिले आहेत.

क्रम महत्त्वाचा आहे. आधी ज्या ॲपची ट्रायल घेतली तिथे वर्गणी रद्द करायची, मग यूपीआय ॲपमध्ये मँडेट रद्द करायचे. फक्त मँडेट रद्द केले तर पैसे थांबतात, पण कंपनीच्या दप्तरी ग्राहक चालूच राहतो आणि ‘पेमेंट बाकी’चे मेसेज सुरू होतात. फक्त ॲपमध्ये रद्द केले तर मँडेट मागे राहण्याचा धोका. ‘Pause’ आणि ‘Cancel’ यांतही फरक आहे. ‘Pause’ म्हणजे थोडी विश्रांती, मुदत संपली की वसुली पुन्हा चालू. काम झाले की नाही याची खूण एकच : मँडेटची स्थिती ‘Revoked’ किंवा ‘Cancelled’ दिसली पाहिजे. त्या पडद्याचा स्क्रीनशॉट तारीख-वेळेसह ठेवावा.

खाते रिकामे ठेवण्याची युक्तीही अनेक जण करतात. तिचा उपयोग फारसा नाही, कारण वसुली फसली तर आणखी ३ वेळा प्रयत्न करण्याची मुभा कंपनीला आहे. मध्येच शिष्यवृत्ती किंवा पगार जमा झाला तर?

पैसे कटलेच तर?

गुगल प्लेवरची वर्गणी असेल, तर ४८ तासांच्या आत परताव्याची मागणी करावी, तेवढ्या वेळात शक्यता बरी असते. ॲपलसाठी reportaproblem.apple.com हे पान आहे. थेट यूपीआयवर कटले असतील, तर आधी मँडेट रद्द करून पुढची वसुली थांबवावी आणि मग कंपनीला लेखी मेल करावा. सायबर फसवणुकीच्या १९३० क्रमांकावर इथे सहसा काही साधत नाही. परवानगी आपल्याच पिनने दिलेली असल्याने बँक त्याला फसवणूक मानत नाही. मात्र २४ तास आधीची सूचना आलीच नसेल, तर तो मुद्दा बँकेकडे तक्रारीत जरूर मांडावा. बँकेने ३० दिवसांत दाद दिली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर जाता येते.

कंपनीविरुद्ध ग्राहकाच्या बाजूने एक भक्कम आधार आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ‘डार्क पॅटर्न’विरोधी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यातल्या १३ प्रकारांत ‘सबस्क्रिप्शन ट्रॅप’ आहे. रद्द करण्याचा पर्याय लपवणे त्यात येतेच, पण फुकटच्या सेवेसाठी पेमेंटचा तपशील किंवा ऑटो डेबिटची परवानगी सक्तीने मागणे हेही त्यातच येते. नियम इतका स्पष्ट असताना पिन मागणाऱ्या ‘फ्री ट्रायल’ राजरोस दिसतात, हे अंमलबजावणीबद्दल पुरेसे बोलके आहे. तक्रारीत ‘पैसे कटले’ एवढेच न लिहिता या सूचनांचे नाव आणि ‘सबस्क्रिप्शन ट्रॅप’ हा शब्द लिहावा. सोबत जाहिरातीचा आणि रद्द केल्याचा स्क्रीनशॉट जोडावा.

पहिली पायरी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथे मराठीतही बोलता येते. तिथे तोडगा निघाला नाही, तर कंपनी बेंगळुरूची असो की मुंबईची, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार जिथे राहतो तिथल्या आयोगात दाद मागता येते. वर्धा जिल्ह्यातल्या ग्राहकासाठी ते ठिकाण वर्ध्याचा जिल्हा ग्राहक आयोग. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही आणि अर्ज ‘ई-जागृती’ पोर्टलवरून ऑनलाइन करता येतो. महिन्याच्या ९९ रुपयांसाठी इतका खटाटोप कोणी करणार नाही. पण एकदम कटलेल्या वर्षभराच्या वर्गणीसाठी तो करण्यासारखा आहे.