मेडिकल दुकानातली मुलाखत: बिलिंगचं नंतर विचारा

मेडिकल दुकानात फार्मासिस्ट नेमताना मालक काय विचारतात? कॉम्प्युटरवर बिल करता येतं का, रात्री दहापर्यंत थांबाल का, पगार किती घ्याल. काही ठिकाणी तर माणूस नकोच असतो, भिंतीवर टांगायला त्याचं सर्टिफिकेट तेवढं हवं असतं. चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यायचं, हे १९४८ च्या फार्मसी कायद्याच्या कलम ४२ मध्ये आहे. पण मुलाखतीत त्या कामाचा एकही प्रश्न नसतो.

हिंगोली, वसमत, कळमनुरीच्या दुकानदारांनो, उमेदवारापुढे एक चिठ्ठी ठेवा. संधिवाताच्या आजी, मेथोट्रेक्सेट ७.५ मिलिग्रॅम आणि फॉलिक अॅसिड. मेथोट्रेक्सेट संधिवातात आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. चिठ्ठीत घाईने ‘ओडब्ल्यू’ लिहिलेलं असतं (यात आम्हा डॉक्टरांचंही अक्षर आलंच) आणि ते ‘ओडी’, म्हणजे रोज, असं वाचलं जातं. आठवड्याला एक गोळी, तर महिन्याला चार-पाच. उमेदवार तीस गोळ्या मोजायला लागला, तर मुलाखत तिथेच संपवा. शंका आली म्हणून ‘आधी डॉक्टरांना फोन करतो’ म्हणाला, तर खुर्ची द्या.

आता मालकाने स्वतः आजी व्हावं. “बाबा, दोन्ही गोळ्या पिवळ्याच. रोजची कोणती?” हा गोंधळ खराच आहे, बऱ्याच कंपन्यांच्या या दोन्ही गोळ्या लहान आणि पिवळट असतात. अदलाबदल होऊन मेथोट्रेक्सेट रोज पोटात गेलं, तर काही दिवसांत तोंड सोलवटतं, ताप येतो, रक्तातल्या पेशी घटतात. जीवही जातो. “चिठ्ठीत लिहिलंय ना” असं म्हणणारा उमेदवार नापास. “आजी, ही आठवड्याची गोळी कोणत्या वारी घ्याल? सोमवारी? मग पाकिटावर सोमवारच लिहितो. आता तुम्हीच मला सांगा, मंगळवारी ही घ्यायची का?” असं विचारून आजींकडूनच उत्तर वदवून घेणारा पास. मागे दहा गिऱ्हाइकं उभी असतात, हे मला मान्य आहे. तरी या बोलण्याला दोन मिनिटं पुरतात. तोंड आलं किंवा ताप आला तर पुढची गोळी न घेता डॉक्टरांकडे जायचं, हेही त्यातच सांगून होतं.

शेवटचा प्रश्न फ्रिजचा. मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशीपार जातो, वीजही जाते. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं, हे पाठ म्हणून दाखवतील. तुम्ही विचारा, “बर्फाच्या कप्प्याला चिकटून एक बाटली गोठली, नंतर वितळली. विकाल?” ती फेकायचीच असते. दिसायला जरी ठीक वाटली तरी तिचा भरवसा राहत नाही. आणि सेनगावला एसटीने इन्सुलिन नेणाऱ्याला बर्फाची पिशवी देताना मध्ये कापड गुंडाळायचं सुचलं, तर त्याला दुसऱ्या दिवसापासून कामावर घ्या. बिलिंग आठवड्यात शिकवता येईल.