डागाचा फोटो आला, पण कापड कोणते?

अंधेरी, घाटकोपर, मुलुंड, बोरिवली या भागात लाँड्री, रफू, इस्त्री, शिलाई आणि भरतकामाचे धंदे करणाऱ्या आमच्या बांधवांच्या मोबाइलवर हल्ली एक नवा प्रकार रोज येऊन पडतो. गिऱ्हाईक डाग पडलेल्या शर्टाचा फोटो पाठवते. त्यासोबत एक अक्षरही नसते, फार तर एक प्रश्नचिन्ह असते. दुकानदार हातातले काम सोडून फोटो पाहतो आणि उत्तर देऊन मोकळा होतो: "लिंबू लावा", "ब्लीचमध्ये टाका", "घेऊन या, निघून जाईल." आमचे स्पष्ट मत असे आहे की या तिन्हींपैकी एकही उत्तर त्या वेळी देऊ नये. फोटोला उत्तर म्हणून आधी प्रश्नच गेला पाहिजे.

यावर जुने कारागीर म्हणतील की आम्ही तीस वर्षे नजरेने डाग ओळखतो, आम्हाला विचारायची काय गरज? त्यांचे म्हणणे खोटे नाही. पण गल्ल्यावर आलेला कपडा ते केवळ नजरेने पाहत नाहीत. ते कापड बोटांत चुरगाळतात, उलटे करून पाहतात, डागावर नख फिरवतात, नाकाला लावतात. डाग कडक आहे की तेलकट, वर बसलेला आहे की आतपर्यंत उतरलेला, हे त्यांना हात सांगतो. फोटोत यातले काहीच येत नाही. शिवाय मोबाइलचा कॅमेरा रंग स्वतःच्या मर्जीने जुळवून घेतो. पिवळ्या बल्बखाली काढलेल्या फोटोत पांढरा शर्ट पिवळसर दिसतो आणि पिवळा डाग तपकिरी. म्हणजे ज्या रंगावरून आपण निर्णय करणार, तोच भरवशाचा नाही.

एक उदाहरण घेऊ. समजा, पांढऱ्या शर्टाचा फोटो आला आहे. खांद्याखाली बोटभर रुंदीचे दोन-तीन तपकिरी-पिवळे डाग आहेत. हा डाग चहाचा असू शकतो. दावतीतल्या रश्श्याचा, म्हणजे हळदीचा असू शकतो. लोखंडाच्या गंजाचा असू शकतो. इस्त्रीने करपलेलाही असू शकतो. फोटोत हे चारही सारखेच दिसतील, पण उपाय चौघांचे वेगळे आहेत आणि एकाचा उपाय दुसऱ्याला बाधतो.

गंजाच्या डागावर क्लोरीनचे ब्लीच टाकले तर डाग जात नाही, उलट अनेकदा गडद होतो आणि पक्का बसतो. चहात दूध असते. दुधाचा अंश गरम पाण्याने धाग्यात घट्ट धरतो, आणि चहातला जो तुरट भाग आहे तो साबणाच्या वडीने जास्त चिकटतो. म्हणून तिथे आधी थंड पाणी, मग धुण्याची पावडर, असा क्रम लागतो. करपलेल्या जागी तर डाग नसतोच, तिथे धागाच जळलेला असतो. सुती कापडावर फिकट करपलेले थोडेफार उजळते, पण पॉलिस्टर वितळून चकाकू लागले असेल तर जगातला कोणताही धोबी ते परत आणू शकत नाही. अशा वेळी "घेऊन या, निघून जाईल" असे लिहून बसलेला दुकानदार स्वतःच्या शब्दाने स्वतःला बांधून घेतो.

हळदीचे वागणे सगळ्यात वेगळे आहे. घरात घाबरून हळदीच्या डागाला साबण लावतात, डाग लालभडक होतो आणि लोक समजतात की कपडा गेला. वास्तविक हळदीतला पिवळा रंग साबण-सोड्यासारख्या क्षाराने लाल होतो आणि लिंबासारख्या आंबटाने पुन्हा पिवळा. यात नुकसान काहीच नाही, उलट ही आयती परीक्षा आहे. गिऱ्हाइकाला सांगावे की डागाच्या कडेला साबणाच्या पाण्याचा एक थेंब लावा आणि पाहा. लाल झाला तर हळद, नाही झाला तर दुसरे काहीतरी. एवढ्या एका थेंबाने चारांपैकी एक शक्यता पक्की होते किंवा गळते.

पण डाग ओळखला म्हणजे अर्धेच काम झाले. उरलेले अर्धे कापडाचे आहे. जे ब्लीच पांढऱ्या सुती कापडाला चालते, तेच रेशीम आणि लोकर खाऊन टाकते, आधी पिवळे पाडते आणि मग धागा विरघळवते. ताणले जाणारे कापड, म्हणजे ज्यात स्पॅन्डेक्स असते, तेही ब्लीचने पिवळे पडते. काही बाजारी पावडरींमध्ये डाग पचवणारे एन्झाइम घातलेले असतात. ते रक्त-दुधाच्या डागांना उत्तम, पण रेशीम आणि लोकर हीसुद्धा त्याच जातीची असल्याने त्यांनाही ते पोखरतात. नखाची पॉलिश काढणारे अ‍ॅसिटोन शाईसाठी वापरणारे आहेत, पण अस्तराला अ‍ॅसिटेट कापड असेल तर तिथे भोकच पडते. हे सगळे लक्षात घेता कापड न विचारता सांगितलेला उपाय म्हणजे अंदाज, आणि अंदाजाची किंमत गिऱ्हाइकाच्या कपड्याने चुकवायची!

गिऱ्हाइकाला कापड माहीत नसते, ही अडचण खरी आहे. त्यासाठी कॉलरच्या किंवा बाजूच्या शिलाईतल्या चिठ्ठीचा फोटो मागवावा. चिठ्ठीवर त्रिकोणाची खूण असते, ती ब्लीचची. त्रिकोणावर फुली असेल तर ब्लीचचा विषयच संपला. शिवून घेतलेल्या कपड्याला चिठ्ठी नसते. तिथे कपडा दुकानात आल्यावर आतल्या शिलाईतला एक धागा काढून चिमट्यात धरून जाळावा. कागद जळाल्यासारखा वास आणि मऊ राखाडी राख म्हणजे सुती किंवा रेयॉन. केस जळाल्याचा वास आणि बोटांत चुरडणारा काळा गोळा म्हणजे रेशीम किंवा लोकर. वितळून कडक मणी झाला तर पॉलिस्टर. टेरिकॉटमध्ये दोन्ही लक्षणे मिसळून दिसतात. हे काम गिऱ्हाइकाला घरी करायला मात्र सांगू नये.

आमच्या मते तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे आणि तोच कोणी विचारत नाही: आतापर्यंत काय काय लावले? दुकानदाराला फोटो पाठवण्यापूर्वी घरात दोन-तीन प्रयोग झालेलेच असतात. शर्ट ब्लीचमध्ये बुडवून काढला असेल आणि तो नीट न धुता आपण त्यावर लिंबू, व्हिनेगर किंवा गंज काढायचे आम्ल लावायला सांगितले, तर दोन्ही मिळून क्लोरीनचा विषारी वायू निघतो. बंद न्हाणीघरात तो श्वासात जाणे धोक्याचे आहे. इथे प्रश्न कपड्याचा राहत नाही, माणसाचा होतो.

आता वरच्या फोटोकडे परत येऊ. आपण गिऱ्हाइकाला लिहितो: "ताई, कापड सुती आहे का? डाग कशाचा, कधी पडला? आतापर्यंत काय लावले? चिठ्ठीचा आणि डागाच्या मागच्या बाजूचा फोटो उजेडात काढून पाठवा." उत्तर येते की शर्ट सुती आहे, कुठे काही सांडलेले नाही, पावसात गॅलरीतल्या तारेवर वाळत घातला होता, डाग दिसल्यावर ब्लीच लावले तर तो आणखी गडद झाला. साबणाच्या थेंबाने लाल होत नाही. डाग मागूनही तितकेच दिसतात आणि एका ओळीत आहेत. एवढ्यावर निदान होते: तारेचा गंज. आपल्या उपनगरांत जून ते सप्टेंबर खिडकीचे गज, तारा, टाचण्या आणि लोखंडी हँगर यांनी किती शर्ट असे रंगतात हे लाँड्रीवाल्यांना सांगायला नको.

मग पहिली सूचना ही की ब्लीचचा वास पूर्ण जाईपर्यंत शर्ट साध्या पाण्यात तीन-चार वेळा खळबळून काढा, मध्ये दुसरे काही लावू नका. त्यानंतर घरी करायचे तर डागावर लिंबाचा रस आणि मीठ लावून उन्हात ठेवावे, वाळू देऊ नये, तासाभराने धुवावे, गरज पडल्यास पुन्हा करावे. दुकानात करायचे तर ऑक्झॅलिक अ‍ॅसिड: प्लास्टिकच्या भांड्यात एक कप कोमट पाण्याला अर्धा चमचा, हातात रबरी मोजे, आधी आतल्या दुमडीवर परीक्षा, मग डागावर काही मिनिटे, आणि लगेच भरपूर पाण्याने धुणे. ते कापडावर वाळले तर सुती धागा कमजोर होतो. हे विष आहे, म्हणून बाटलीवर नाव लिहून ती मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवावी आणि गिऱ्हाइकाला पुडी बांधून कधी देऊ नये.

तोच फोटो, पण उत्तर असे आले असते की कापड टेरिकॉट, लग्नात रस्सा सांडला आणि थेंब लाल झाला, तर सारा मार्ग बदलतो. रश्श्यात तेल असते आणि पॉलिस्टर तेल घट्ट धरून ठेवते, म्हणून आधी भांड्यांच्या लिक्विडने तेल काढायचे. मग राहिलेला पिवळा रंग ओल्या कपड्यासह उन्हात ठेवायचा, कारण हळद उन्हाने विरते. पावसाळ्यात ऊन नसेल तर पांढऱ्या कापडावर ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड चालते. बाटलीवर ६ टक्के लिहिले असेल तर तितकेच पाणी मिसळायचे.

इतके प्रश्न विचारले तर गिऱ्हाईक कंटाळून शेजारच्या दुकानात जाईल, अशी भीती काही बांधव बोलून दाखवतात. काही जातीलही. परंतु प्रश्न तीनच आहेत आणि ते एकदा लिहून मोबाइलमध्ये ठेवले की दर वेळी बोटाच्या एका दाबाने जातात. दुसरीकडे, खराब झालेल्या शेरवानीची भरपाई मागणारे गिऱ्हाईक २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगात जाऊ शकते, आणि तिथे आपणच पाठवलेला "निघून जाईल" हा संदेश आपल्याविरुद्ध पुरावा म्हणून दाखवला जाऊ शकतो.

जे गिऱ्हाईक प्रश्नांना उत्तरच देत नाही, त्याला एवढेच लिहावे की डाग चोळू नका, गरम पाणी आणि इस्त्री लावू नका, कपडा आहे तसा घेऊन या. आणि कपडा आल्यावर पावतीवर गिऱ्हाइकासमोर तीन गोष्टी नोंदवून घ्याव्यात: कापड, सांगितलेला डाग, आणि घरी काय लावले ते. उत्तर माहीत नसेल तर तिथे "माहीत नाही" असेच लिहावे, रकाना कोरा सोडू नये.