हिरव्या गोळीचा हिशेब

स्पिरुलिनात ६० टक्के प्रथिने असतात, ही जाहिरात खोटी नाही. पण टक्क्यांनी पोट भरत नाही, असे माझे म्हणणे आहे. गोळी असते अर्ध्या ग्रॅमची. दिवसाला सहा घेतल्या, तरी प्रथिने पोटात जातात जेमतेम पावणेदोन ग्रॅम. एका अंड्यात ती ६ ग्रॅम असतात! लोहही त्या सहा गोळ्यांतून साधारण एक मिलिग्रॅमच मिळते. अंगात रक्त कमी असलेल्या गृहिणीने एवढ्यावर विसंबू नये.

‘शेवाळ म्हणजे आयोडीन’ हाही गैरसमजच. भरपूर आयोडीन असते ते समुद्रातल्या केल्पमध्ये. टाक्यांत वाढवलेल्या स्पिरुलिना-क्लोरेलात ते नगण्य. मग थायरॉइडच्या रुग्णाने निर्धास्त व्हावे का? नाही. हाशिमोटो, ल्यूपस, संधिवातासारख्या विकारांत शरीराची संरक्षक फौज घरच्यांवरच उलटलेली असते, आणि ही शेवाळे त्या फौजेला चेतवू शकतात. अशा गोळ्यांनंतर त्वचा व स्नायूंचा डर्माटोमायोसायटिस बळावल्याच्या नोंदी आहेत. म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी नको.

दुसरी भीती भेसळीची. उघड्या तळ्यातून गोळा केलेल्या नीलहरित शेवाळात यकृताला घातक मायक्रोसिस्टिन मिसळलेले असू शकते. रंग-चवीवरून ते कळत नाही. अमेरिकेतील ओरेगन राज्याने १९९७ साली त्याला ग्रॅममागे एक मायक्रोग्रॅमची मर्यादा घातली. तेव्हा डबीवरचे टक्के वाचण्याआधी दुकानदाराकडे त्या बॅचचा मायक्रोसिस्टिन आणि शिशाचा तपासणी-अहवाल मागा. तो नसेल, तर डबी परत करा.